ग्रुपवर नुसतं "हो" लिहिणाऱ्यांमुळे कोवळी केळी कापली गेली. काय करावं?

केळीबाग_रावेर

मंडळी, मे महिन्यात घडलेली गोष्ट आहे. राग निवायला थोडे दिवस लागले म्हणून आता लिहितोय.

आमच्या गावच्या केळीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दीडशेच्या आसपास माणसं. त्यात शेतकरी आहेत, व्यापाऱ्याचा मुनीम आहे, कटाईच्या टोळीचा मुकादम आहे. ग्रुप निघाला कटाईसाठी, पण लाइट, मोटारी, लग्नपत्रिका, हरवलेली गाय, सगळं त्यातच चालतं. त्या रात्री जे झालं ते ग्रुप उघडून पुन्हा वाचलं आणि जसंच्या तसं उतरवतोय.

8:04 मुनीम: उद्या पहाटे टोळी येतेय. कोणाची कटाई आहे, किती घड? मागचं पेमेंट सोमवारी होईल. काट्यावर कोण येणार?
8:06 एक जण: उद्या लाइट दिवसाची आहे ना?
8:07 दुसरा: कोणाकडे जास्तीचा स्टार्टर आहे का? माझा जळाला.
8:09 माझे काका: हो
8:10 आणखी एक: माझा पण
8:12 तिसरा: 👍
8:15 शेजारचे दादा: उद्या नको, परवा

काकांचं "हो" लाइटसाठी होतं. मुनीमने ते कटाईचं धरलं. शेजारच्या दादांचं "परवा" स्टार्टरवाल्याला होतं, की परवा येऊन घेऊन जा. मुनीमने त्यांची कटाई परवावर ढकलली. "माझा पण" म्हणजे त्याचाही स्टार्टर जळाला होता, त्याला मुनीमने काट्यावर येणाऱ्यांत मोजलं.

पहाटे साडेपाचला टोळी काकांच्या मळ्यात. काका पोहोचेपर्यंत 37 घड खाली आलेले. त्या बागेला अजून पंधरा दिवस तरी हवे होते, फण्यांच्या कडा बोटाला टोचत होत्या, गर भरलेलाच नव्हता. व्यापाऱ्याने माल घेतला, पण हलक्या भावात. आणि दादांचा तयार माल झाडावर राहिला, त्यात ते ऊन.

भांडण झालं, मिटलंही. पण मुनीमचं म्हणणं "तुम्ही हो लिहिलं", काकांचं म्हणणं "तुला कोणी लिहिलं". दोघंही बरोबर! आता मला सांगा, लोकांना नीट उत्तर द्यायला लावायचं कसं? मी ॲडमिन आहे, पण ऐकतं कोण.

बापू_चोपडा

ग्रुपची सेटिंग बदला भाऊ. फक्त ॲडमिनने लिहायचं, बाकीच्यांनी 👍 टाकायचा. आम्ही सोसायटीच्या ग्रुपला हेच केलं. गडबड बंद.

केळीबाग_रावेर

बापू, मग घड किती ते सांगणार कसं? 👍 मध्ये 200 घड की 2000 ते कळत नाही.

तापीकाठचा_सचिव

मी आमच्या शेतकरी गटाचं काम बघतो, चार ग्रुप सांभाळतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

तुमच्या त्या रात्रीत तीन प्रश्न एकमेकांवर चढले, आणि उत्तरं कोणत्याच प्रश्नाला बांधलेली नव्हती. आपण समोरासमोर बोलतो तेव्हा ज्याच्याकडे बघून "हो" म्हणतो त्यालाच ते जातं. ग्रुपमध्ये ते बघणं म्हणजे रिप्लाय. ज्या मेसेजला उत्तर द्यायचं त्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकवायचं. खाली लिहायच्या जागेवर तो मूळ मेसेज चौकटीत येऊन बसतो, मग "हो" लिहून पाठवायचं. सरकवणं जमत नसेल तर मेसेज दाबून धरा आणि रिप्लायचा बाण निवडा. काकांचं "हो" असं गेलं असतं तर त्याच्या डोक्यावर "उद्या लाइट दिवसाची आहे ना?" दिसलं असतं. मुनीमने चौकटीवर बोट टेकवलं असतं तर व्हॉट्सॲपने त्याला थेट त्या जुन्या मेसेजवर नेलं असतं. मध्ये लग्नाचे पन्नास फोटो आले तरी हा धागा तुटत नाही.

बहुतेकांच्या लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे रिप्लाय केला की मूळ मेसेजवाल्याला नोटिफिकेशन जातं, त्याने ग्रुप म्यूट केलेला असला तरी. व्यापाऱ्यांच्या माणसांनी असे वीस-वीस ग्रुप म्यूट करून ठेवलेले असतात. सुटं "हो" त्यांच्यापर्यंत वाजत जात नाही, रिप्लायमधलं जातं. त्यामुळे "मुनीम बघतच नाही" ही तक्रारही अर्धी कमी होते.

सौ_फैजपूर

आमच्या बचत गटाचं पण असंच होतं! पण आमचा त्रास वेगळा आहे. सकाळी सहापासून फुलांचे फोटो आणि सुप्रभात. हप्ता कधी भरायचा तो मेसेज सापडतच नाही. ते फोटो कसे बंद करायचे कोणी सांगेल का?

बापू_चोपडा

ताई, तो त्रास देवाला पण बंद करता येणार नाही.

सौ_फैजपूर

😂 बरं मग हप्त्याचा मेसेज तरी कसा शोधायचा?

तापीकाठचा_सचिव

ताई, हप्त्याचा मेसेज दाबून धरून पिन करा, तो चॅटच्या वरच्या बाजूला बसतो. किती दिवस ते विचारतं, महिनाभरापर्यंत ठेवता येतो. फुलांच्या फोटोंवर वेगळा धागा काढा, तिथे माझंही बरंच म्हणणं आहे.

मास्तरीण_नंदुरबार

इमोजीबद्दल मला बोलायचंय. बापूंनी "फक्त 👍" म्हटलंय, त्यात खरी अडचण त्या 👍 च्या अर्थाची आहे. पालकांच्या ग्रुपवर मी विचारलं, "सहलीला कोण पाठवणार?" 41 जणांनी अंगठा लावला. मी 41 मुलांची गाडी ठरवायला निघाले. एका आईला सहज फोन केला तर म्हणाली, "मॅडम, मी वाचलं म्हणून लावला, पाठवणार नाही." मग प्रत्येकाला फोन. खरे निघाले 26.

🙏 ची तर आणखी मजा. कोणी आभार म्हणून, कोणी होकार म्हणून, कोणी "माफ करा, जमणार नाही" म्हणून. एकदा ग्रुपवर एका पालकांच्या निधनाची बातमी आली आणि त्यावर दोघांनी 👍 लावला होता. वाईट हेतू नव्हता, त्यांच्या लेखी "बातमी कळली". पण घरच्यांनी बघितलं असेल तर काय वाटलं असेल.

म्हणून मी आता प्रश्नातच लिहिते, "पाठवणार असाल तरच 👍. नुसतं वाचलं असेल तर काही करू नका." बऱ्यापैकी काम होतं.

बापू_चोपडा

पण अंगठा लावला की सगळ्यांना कळतं ना? नोटिफिकेशन सगळ्यांना जातं. म्हणून मी म्हणालो सोपं आहे.

तापीकाठचा_सचिव

नाही बापू, तिथेच गफलत होते. रिॲक्शनचं नोटिफिकेशन फक्त ज्याचा मेसेज आहे त्याला जातं, आणि त्याने सेटिंगमध्ये बंद केलं असेल तर त्यालाही नाही. बाकीच्यांच्या फोनमध्ये काही वाजत नाही. तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलटं, आणि तोच तिचा फायदा आहे. दीडशे जणांनी "ओके", "ठीक", "धन्यवाद" लिहिलं तर दीडशे मेसेज होतात आणि कामाचा मेसेज वर पळतो. तेच अंगठ्याने केलं तर मेसेज जागेवर राहतो, खाली छोटा आकडा वाढतो. आकड्यावर बोट टेकवलं की कोणी काय लावलं ती यादी उघडते.

एका मेसेजवर एका माणसाची एकच रिॲक्शन राहते. आधी 👍 लावून नंतर ❤️ लावलं तर अंगठा जातो. चुकून लागला तर पुन्हा त्यावरच टेकवायचं, निघतो. 2022 मध्ये ही सोय आली तेव्हा सहाच इमोजी होते, काही महिन्यांत कोणताही लावता यायला लागला. तेव्हापासून आमच्याकडे लोक "माल तयार"ला 🍌 लावतात, ते बरं आहे, त्याचा दुसरा अर्थ होत नाही. आमच्या गावात तरी.

मास्तरीण_नंदुरबार

फॉरवर्डचंही सांगा. वरून आलेली सूचना मी पालकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड करते. पालकांचे अंगठे आणि "नक्की मॅडम" सगळे मला येतात, मूळ पाठवणाऱ्यांना काहीच कळत नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं, "तुमच्या गावातून प्रतिसाद का नाही?"

केळीबाग_रावेर

अरे, हे आमच्याकडेही झालंय! व्यापाऱ्याचा मेसेज मी फॉरवर्ड करतो, लोक माझ्याच मेसेजवर अंगठे लावतात. व्यापाऱ्याला वाटतं कोणाला गरज नाही. आज कळलं.

आप्पा_धुळे

भाऊ, आम्हना कडे बी हाईच शे. पण माले टाईप कराले येत नही. मी ते बोलीसन टाकस. मंग माणसं म्हणतस, आप्पा तुमी कोणाले बोली राहिनात? आते काय करवो?

तापीकाठचा_सचिव

आप्पा, बोलूनच टाका, काही बिघडत नाही. फक्त आधी तो प्रश्न उजवीकडे सरकवा, चौकट खाली आली की मग माइक दाबून बोला. तुमच्या आवाजाच्या वर प्रश्न दिसतो.

उलट बाजूने मात्र जपा. कोणी आवाजी मेसेजला रिप्लाय केला तर चौकटीत माइक आणि किती सेकंदांचा आहे तेवढंच दिसतं, आत काय बोललंय ते दिसत नाही. म्हणजे तुमच्या दोन मिनिटांच्या आवाजाला कोणी "हो" म्हणालं तर कशाला ते दोन मिनिटं ऐकल्याशिवाय कळणार नाही. म्हणून एका आवाजात एकच गोष्ट बोला.

आप्पा_धुळे

दोन मिनिट कशाला, मन्हा आवाज पाच मिनिटना राहस. 😄 बरं, करी देखस.

पुण्यातला_जळगावकर

मी आयटीत आहे. आमच्याकडे ऑफिसच्या चॅटमध्ये प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र धागा उघडतो, उत्तरं त्याच्या आत जातात. व्हॉट्सॲप यासाठी बनलेलंच नाही, तुम्ही दुसरं ॲप घ्या.

केळीबाग_रावेर

दादा, मुकादमाच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आहे आणि गाणी आहेत. तिसरं काही टाकायला जागाच नाही. इथेच काय होईल ते सांगा.

पुण्यातला_जळगावकर

मान्य. 🙏 (हा "माफ करा" वाला 🙏)

तरी एक सांगतो, धागा नसल्याने फरक पडतो. व्हॉट्सॲपच्या रिप्लायमध्ये चौकट एकाच पायरीची असते. रिप्लायला रिप्लाय केला की चौकटीत मधलं उत्तर दिसतं, पहिला प्रश्न दिसत नाही. "किती घड?" ला कोणी लिहिलं "300", त्या "300" ला तुम्ही लिहिलं "माझे पण", की चौकटीत फक्त "300" उरतं. तिसऱ्याला कळतच नाही 300 काय. म्हणून शेवटचं उत्तर न सरकवता मूळ प्रश्नच सरकवायला सांगा.

केळीबाग_रावेर

हे पटलं. आता ते @ लावायचं पण सांगा. मी त्या रात्रीनंतर दोनदा लिहिलं, "@मुकादम उद्याची टोळी नक्की का". त्याने बघितलंच नाही. म्हणतो वाजलंच नाही.

तापीकाठचा_सचिव

तुम्ही नाव हाताने पूर्ण लिहिलं असणार. @ दाबल्यावर वर सदस्यांची यादी येते, त्यातूनच नाव निवडायचं. नाव वेगळ्या रंगाचं झालं तर ते लागलं. पाठवल्यावर त्यावर बोट टेकवून बघा, त्या माणसाची माहिती उघडली तर खरं मेन्शन. काहीच झालं नाही तर ती नुसती अक्षरं आहेत आणि त्याच्या फोनला तुमचा काही पत्ता नाही.

यादीत नाव सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा लिपी असते. तुम्ही मुकादमाचा नंबर इंग्रजी अक्षरांत सेव्ह केला असेल आणि @ नंतर मराठीत "मु" लिहिलं तर तो येत नाही. नुसतं @ दाबून यादी खाली सरकवा. आणि तुम्ही "मुकादम कटाई" म्हणून सेव्ह केलं असलं तरी दुसऱ्यांना त्यांच्या फोनमधलं नाव दिसतं, त्यामुळे नाव काय दिसेल याची काळजी नको. माणूस मात्र ग्रुपमध्ये असायला हवा.

मेन्शन बरोबर लागलं तर म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही त्याला नोटिफिकेशन जातं, आणि चॅटच्या यादीत ग्रुपच्या नावासमोर @ ची खूण दिसते. म्हणून ते जपून वापरा. आमच्याकडे एक जण प्रत्येक मेसेजला सात-आठ जणांना @ लावायचा. महिन्याभरात त्याचा @ कोणी बघेना.

बापू_चोपडा

माझ्या पुतण्याच्या फोनमध्ये सगळ्यांना एकदम @ लावायची सोय आलीय. मग काय अडचण? एकदाच लावा, दीडशे फोन वाजतील.

मास्तरीण_नंदुरबार

बापू, दीडशे फोन रात्री दहाला वाजले तर तुमचाच फोन पहिला येईल "हे काय लावलंय" म्हणून.

तापीकाठचा_सचिव

ती सोय मी वापरलेली नाही, त्यामुळे बोलत नाही. पण एक विचारतो बापू, सगळ्यांना हाक मारली तर काम कोणाचं? मुकादमाला टोळी किती वाजता ते विचारायचं तर फक्त मुकादमाला @ लावा, आणि त्याच मेसेजमध्ये "7 वाजेपर्यंत सांगा" लिहा. "कोणीतरी सांगा" म्हटलं की कोणीच सांगत नाही.

केळीबागभाऊ, आता एक कडू सांगतो. तुमच्या मुनीमचा 8:04 चा मेसेज पुन्हा वाचा. त्यात कटाई कोणाची, घड किती, पेमेंट सोमवारी, काट्यावर कोण, अशा चार गोष्टी आहेत. काकांनी अगदी नीट सरकवून रिप्लाय केला असता आणि "हो" लिहिलं असतं, तरी कशाला हो? तिसऱ्याचा 👍 पेमेंटसाठी होता की कटाईसाठी? रिप्लाय मेसेजला बांधतो, मेसेजमधल्या ओळीला नाही. त्यामुळे अर्धा दोष विचारणाऱ्याचा आहे.

माझ्याकडे ती रात्र अशी गेली असती. मुनीमने तीन मेसेज टाकायचे. पहिला, "उद्या पहाटेची कटाई. ज्यांचा माल तयार आहे त्यांनीच याच मेसेजला रिप्लाय करून मळा आणि घड लिहा. रात्री 9 नंतर धरणार नाही." दुसरा, "मागचं पेमेंट सोमवारी." याला उत्तर नको, वाचणारे हवा तर 👍 लावतील, त्याने काही बिघडत नाही. तिसरा, काट्यावर जो येतो त्याला @ लावून, "उद्या येताय का?" लाइटवाला आणि स्टार्टरवाला आपापले चालू राहू देत, त्यांना अडवायचं कारण नाही. 9 वाजता मुनीमने फक्त स्वतःच्या पहिल्या मेसेजचे रिप्लाय गोळा करायचे आणि यादी टाकायची. तुमच्या काकांचं "हो" आलं असतं तरी त्यात ना मळा, ना घड, म्हणजे ते यादीत बसतच नाही. नुसतं हो धरायचं नाही हा नियम मुनीमकडे पाहिजे.

केळीबाग_रावेर

लागलं. पण खरं आहे.

पुण्यातला_जळगावकर

कटाईसाठी पोल का नाही टाकत? कोणाचा माल तयार, हो/नाही, मोजणी आपोआप.

तापीकाठचा_सचिव

हो-नाहीला पोल चांगला. पण इथे घड किती आणि मळा कुठला ते हवं. शिवाय आमच्या वयस्कर लोकांनी पोलमध्ये गंमत म्हणून दोन्हींवर टिक केलं होतं. एकच उत्तर घ्यायचं असेल तर पोल बनवताना एकापेक्षा जास्त उत्तरांचा पर्याय बंद करावा लागतो, मी विसरलो होतो.

मास्तरीण_नंदुरबार

मी सहलीला पोल वापरून बघणार आहे. मला वाटतं माझ्या पालकांना जमेल. सचिवभाऊंचं पटत नाही इतकंच.

सौ_फैजपूर

मी विचारते, नवरा म्हणतो रिप्लाय केला तर सगळ्यांना दिसतं. मला ताईंना एकटीलाच सांगायचं असेल की या महिन्यात हप्ता जमणार नाही, तर?

तापीकाठचा_सचिव

ताई, मेसेज दाबून धरा, तीन ठिपक्यांमध्ये खासगीत उत्तर द्यायचा पर्याय आहे. ते उत्तर फक्त त्या ताईंच्या चॅटमध्ये जातं, आणि ग्रुपमधला मेसेज चौकटीत सोबत जातो, म्हणजे कशाबद्दल ते सांगावं लागत नाही. पाठवायच्या आधी वर नाव कोणाचं दिसतंय ते एकदा बघा.

सौ_फैजपूर

बरं झालं विचारलं. मी एकदा ग्रुपवरच लिहिलं होतं. 😢

केळीबाग_रावेर

चार दिवसांनी लिहितोय. मुनीमला धागा वाचून दाखवला. आधी चिडला, "चार मेसेज टाकू का आता". पण काल टाकले. कटाईचा वेगळा, खाली "मळा आणि घड लिहा, नुसतं हो चालणार नाही". 9 पर्यंत अकरा उत्तरं आली. त्यातली आठ बरोबर. दोघांनी रिप्लाय न करता सुटंच लिहिलं, पण मळा आणि घड लिहिले होते त्यामुळे कळलं. मुकादमाला यादीतून निवडून @ लावला, दोन मिनिटांत "पहाटे 5" असं उत्तर.

अकरावं उत्तर काकांचं. नीट सरकवून, चौकटीसकट लिहिलंय, "माझी पंधरा दिवसांनी. लाइट दिवसाची आहे का?"

आप्पा_धुळे

मंग लाइट कवयनी शे? 😂